आकड्याशेजारचा बाण



मला मधुमेह आहे. मी इन्सुलीन घेते, आणि दंडावर साखर सतत मोजणारे यंत्र लावते. त्यातला आकडा सगळ्याच पाहतात. मी शेजारच्या बाणाविषयी बोलणार आहे.

परवा संध्याकाळी अंबादेवीच्या दर्शनाला निघाले. आकडा ११८, म्हणजे उत्तमच! पण बाण सरळ खाली. माझ्या यंत्रात त्याचा अर्थ, साखर मिनिटाला २ हून अधिक उतरते आहे. वीस मिनिटांत ४० गेले, तर उरले ७८. आणि तेव्हा मी भर गर्दीत असणार! दुपारी जेवायला उशीर झाला होता, त्यावेळचे इन्सुलीन अजून अंगात होते. मी ओसरीवरच बसले आणि तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्याले.

दहा मिनिटांनी पाहते, तो बाण खालीच! मागे एकदा असेच पाहून घाबरले नि आणखी सहा चमचे साखर खाल्ली. तासाभरात २७०, बाण सरळ वर. मग जेवणाच्या इन्सुलीनचा तीन-चार तासांचा अंमल संपण्याआधीच जादा टोचून घेतले, आणि मध्यरात्री घाम फुटून जाग आली.

यंत्र रक्तातली नव्हे, तर कातडीखालच्या द्रवातली साखर मोजते, हे तेव्हा ध्यानात नव्हते. ती रक्ताच्या पाच-दहा मिनिटे मागे असते. यावेळी पंधरा मिनिटे थांबून बोट टोचून पाहिले: ८९. बाण आडवा झाला तो त्यानंतर. दर्शन दुसऱ्या दिवशी घेतले.