आठवणी संपल्यावर

(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



मला दोन शब्द बोलायला सांगितलंय आणि मागच्या रांगेतून ‘नाव घे, नाव घे’ सुरू झालंय. उखाणा मला येत नाही. शिवाय त्याचं नाव तुम्ही हजेरीत रोज ऐकलेलं आहे. तेव्हा ‘तो’ म्हटलं तरी चालेल.

आपल्या वेळी मुलं-मुली एकमेकांशी बोलत नसत. अगदीच वेळ आली तर आडनावानं हाक. नववीत त्यानं अशीच माझी भौतिकशास्त्राची प्रयोगवही मागितली होती. दोन दिवसांनी परत दिली, तेव्हा तिचं फाटलेलं कव्हर जाऊन नवं तपकिरी कव्हर आलं होतं. तो काही बोलला नाही, मीही नाही. पुढे मी इंजिनिअरिंगला पुण्याला गेले, तो इथेच राहिला.

2022 च्या मेळाव्यात जेवणाच्या रांगेत तो पुढे होता. मागे वळून म्हणाला, “तुम्ही घ्या आधी.” मी म्हटलं, “एका वर्गातले आपण, तुम्ही काय?” माझा घटस्फोट होऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. त्याची बायको जाऊन चार. लेक आठवीत.

मग फोन सुरू झाले. पहिले तीन-चार महिने आम्ही फक्त शाळा बोलत होतो. कोण कोणत्या बाकावर बसायचं, कुणाच्या डब्यात काय असायचं. फार छान वाटायचं, आणि त्याचीच मला भीती वाटायची. जुना वर्गमित्र भेटला की आपण त्याच्याशी बोलतोय की आपल्याच पंधराव्या वर्षाशी, हे लवकर कळत नाही. तो पंधरा वर्षांचा मुलगा मला माहीत होता. ठिबक सिंचनाचं दुकान चालवणारा, उधारी वसूल करताना संकोचणारा, रात्री लेकीचं गणित घेणारा माणूस मला माहीत नव्हता.

उन्हाळ्यापर्यंत आठवणींचा साठा संपला. एका रविवारी फोनवर दोघंही गप्प झालो. मला वाटलं, झालं, एवढंच होतं. मग तो म्हणाला, “आज दुकानाचा हिशेब जुळत नाहीये. ऐकतेस का?” मी पाऊण तास हिशेब ऐकला. त्यानंतर मी त्याला ऑफिसातल्या कटकटी सांगू लागले. त्याला सॉफ्टवेअरमधलं काही कळत नाही, पण कोण कुणाचं श्रेय घेतंय हे बरोबर कळतं.

खरी अडचण हाक मारायची होती. त्याच्या लेकीला आजीनं सांगितलं होतं, “बाबांच्या वर्गातली आहे, आत्या म्हण.” ती आत्या म्हणू लागली. वर्षभरानं आम्ही तिला विचारलं, तेव्हा ती खोलीत गेली आणि दोन दिवस आमच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिचाच फोन आला. “मी आई म्हणणार नाही. आणि हॉलमधला आईचा फोटो हलवायचा नाही.” मी म्हटलं, “दोन्ही मान्य.” फोटो तिथेच आहे. तिची दहावी होईपर्यंत लग्नाचा विषय काढायचा नाही, असं आम्ही ठरवलं. निकालानंतर तिनंच विचारलं, “मावशी म्हटलं तर चालेल?”

या वर्षी आम्ही विशेष विवाह कायद्याखाली नोटीस दिली. पुण्यात, कारण दोघांपैकी एकाचा तरी त्या जिल्ह्यात किमान 30 दिवस मुक्काम असावा लागतो. माझ्या घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रत जोडली, त्याच्या बायकोचा मृत्यूचा दाखला जोडला. ती दोन कागदपत्रं एकाखाली एक ठेवताना आम्ही दोघं बराच वेळ काही बोललो नाही. नोटीस कार्यालयात लावतात आणि 30 दिवस हरकतीची वाट पाहतात. शाळेत आमची नावं एका फळ्यावर लिहिली जाऊ नयेत म्हणून आम्ही केवढे जपत होतो! आता सरकारनंच ती महिनाभर लावून ठेवली. हरकत कुणाचीच आली नाही.

साक्षीदार तीन लागतात. ते तिघंही इथे बसलेत, आणि मघाशी ‘नाव घे’ ओरडणारा त्यांच्यातलाच एक. अधिकाऱ्यांसमोर एकमेकांना पती, पत्नी म्हणून स्वीकारल्याचं तोंडानं म्हणायचं असतं, आपल्याला कळेल त्या भाषेत. मी ‘तुम्हाला’ म्हणणार होते, तो हळूच म्हणाला, “तू म्हण.”

सध्या मी तीन दिवस पुण्यात, चार दिवस इथे असते. सासूबाईंना माझं अरे-तुरे अजून खटकतं. त्यांच्यासमोर मी हाकच मारत नाही, नुसतं “ऐकलं का” म्हणते. लेक यावर खूप हसते.

बाई, सर, आपण विचारलंत म्हणून सांगते: ती प्रयोगवही माझ्याकडे नाही. माहेरचं घर बदलताना रद्दीत गेली. पण परवा लेकीच्या अकरावीच्या वह्यांना कव्हरं घालायची होती. तो कागद कापत होता, मी चिकटवत होते.