बसणाऱ्याचा हक्क आणि वारसाचा हक्क



 वकिलांच्या या परिषदेत आज मी एकाच प्रश्नावर बोलणार आहे. किरायेदार गेला, तर दुकान किंवा घर कोणाचे? नागपुरात हा प्रश्न तेराव्याच्या आधीच घरात येतो आणि पुढे कित्येक वर्षे न्यायालयात राहतो.

विदर्भात पूर्वी 1949 चा सी. पी. अँड बेरार भाडे नियंत्रण आदेश लागू होता. भाडेकरार संपवण्याची नोटीस देण्याआधी घरमालकाला भाडे नियंत्रकाची परवानगी घ्यावी लागे. 31 मार्च 2000 पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 लागू झाला. त्याच्या कलम 7(15) मध्ये या प्रश्नाचे उत्तर आहे, आणि मृत्यू कायद्याआधीचा असो की नंतरचा, ते लागू पडते. त्यामुळे इतवारी-महालातल्या जुन्या मृत्यूंची प्रकरणेही त्यात येतात.

कलमात दोन पायऱ्या आहेत. घर असेल तर मृत्यूच्या वेळी किरायेदारासोबत राहणारा, दुकान असेल तर त्याच्यासोबत तिथे व्यवसाय करणारा कुटुंबीय आधी किरायेदार ठरतो. असा कोणीच नसेल, तरच वारसांकडे वळायचे. वारसांत एकमत झाले नाही तर न्यायालय ठरवते. म्हणजे आधी वापर, मग नाते. लोक नेमके उलटे समजतात, आणि बहुतेक भांडणे तिथूनच सुरू होतात.

इतवारीतले एक कापडाचे दुकान डोळ्यांपुढे आणा. वडील किरायेदार. धाकटा मुलगा रोज गल्ल्यावर बसतो, थोरला पुण्यात नोकरी करतो, मुलगी अमरावतीला दिली आहे. वडिलांनी मृत्युपत्रात दुकान थोरल्याच्या नावे लिहून ठेवले. वडील गेले. थोरला मृत्युपत्र पुढे करतो, मुलगी तिसरा हिस्सा मागते आणि घरमालक म्हणतो, करार तुमच्या बापाशी होता, दुकान खाली करा.

घरमालकाचे म्हणणे टिकत नाही. दुकानाचा किरायेदारी हक्क मृत्यूने संपत नाही, हे दिल्लीच्या कायद्याखाली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 1985 साली ज्ञानदेवी आनंद प्रकरणात सांगितले. आपल्या कायद्यात तर तसे स्पष्टच लिहिले आहे. थोरल्याचे मृत्युपत्रही इथे चालत नाही. अशा संरक्षित किरायेदारीची मृत्युपत्राने विल्हेवाट लावता येत नाही, असे मुंबईच्या जुन्या कायद्यातल्या अशाच तरतुदीवर वसंत प्रताप पंडित निकालात 1994 साली ठरले. मुलगी वारस आहे, पण पहिल्या पायरीवर धाकटा उभा असताना दुसरी पायरी येतच नाही. मात्र आतला माल, उधारी, बँकेतली शिल्लक ही वडिलांची मिळकत आहे. ती वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने वाटली जाते. दुकानाची जागा आणि दुकानातली मिळकत यांचे रस्ते वेगळे आहेत, हे पक्षकाराला पहिल्याच भेटीत सांगा. निम्मे भाऊबंदकीचे दावे दाखलच होणार नाहीत.

आता धाकट्याची बाजू. तो बसत होता, हे त्यालाच सिद्ध करावे लागेल. आणि नेमके तिथे कागद कमी पडतात. गुमास्ता परवाना वडिलांच्या नावे, जीएसटी वडिलांच्या नावे, किरायाची पावती वडिलांच्या नावे. मग शेजारच्या दुकानदाराची साक्ष, धाकट्याच्या हातची खातेवही आणि व्यापाऱ्यांची बिले यांवर सारी भिस्त राहते. घराच्या बाबतीत रेशनकार्ड आणि मतदारयादी हे काम करतात. सणावाराला येऊन राहिल्याने कोणी 'सोबत राहणारा' होत नाही. वडील गेल्यावर शोकापोटी किंवा भांडणापोटी कुलूप लावून ठेवणे सर्वांत घातक. सबळ कारणाशिवाय जागा सलग सहा महिने बिनवापराची राहिली, तर कलम 16 खाली घरमालकाला ताब्याचा दावा लावता येतो.

म्हणून मृत्यूनंतर लगेच मृत्यूच्या दाखल्यासह घरमालकाला स्पीड पोस्टने कळवा आणि स्वतःच्या नावाची पावती मागा. त्याने किराया नाकारला तर मनीऑर्डर करा आणि परत आलेली मनीऑर्डरही जपून ठेवा. लिव्ह अँड लायसन्सवर जागा घेणाऱ्याला मात्र हे कलम तारत नाही; तो या अर्थाने किरायेदारच नाही.

घरमालकाची व्यथाही मी मानतो. हा हक्क किती पिढ्यांपर्यंत चालावा, याला कलमात मर्यादा नाही. दिल्लीने 1976 साली राहत्या घरांच्या वारशाला मर्यादा घातली. आपल्या कायद्यात 'कुटुंबीय' या शब्दाची व्याख्याही नाही. सून, पुतण्या, घरी परतलेली मुलगी यांचे भवितव्य त्यामुळे प्रत्येक न्यायालयात नव्याने ठरते.

या परिषदेने शासनाकडे दोन मागण्या कराव्यात, असा प्रस्ताव मी मांडतो. कायद्यात कुटुंबीयाची व्याख्या यावी, आणि किरायेदाराला हयातीतच सोबत राहणाऱ्याचे किंवा व्यवसाय करणाऱ्याचे नाव घरमालकाकडे लेखी नोंदवता यावे. अशी नोंद झाली, तर बाप गेल्यावर मुलाला शेजाऱ्यांच्या साक्षी गोळा करत फिरावे लागणार नाही आणि घरमालकालाही आपला किरायेदार कोण, हे पहिल्या दिवशी कळेल.