दाणे कुरकुरीत राहण्यासाठी

डहाणू-तलासरीच्या दमट हवेत भाजलेले शेंगदाणे लवकर सादळतात. कढईत मंद आचेवर पंधरा मिनिटं सतत हलवावं लागतं. हात थांबला की बाहेरून डाग, आत कच्चे. ओव्हनमध्ये १६० अंशांवर, एकाच थरात, वीस मिनिटं पुरतात. मध्ये एकदा हलवा. काजू दहा-बारा मिनिटांतच बघा, तो पटकन करपतो. फिकट बदामी रंग आला की लगेच काढा, कारण आतल्या उष्णतेनं भाजणं पुढे चालूच राहतं. गरम दाणा मऊच लागतो, म्हणून आणखी भाजू नका. थंड ताटात पसरा, पूर्ण निवले की लगेच डब्यात भरा. कोमट भरले तर झाकणाला वाफ धरते आणि दाणे मऊ पडतात.