प्रवासाचे सूत्र



आपल्या शाळेच्या हस्तलिखितातील पेण ते रोहा सहलीचे वृत्तान्त मी वाचले. त्यांत निघण्याची वेळ, न्याहारी, परतीचा क्षण, सारे यथाक्रम नमूद आहे; परंतु एवढा तपशील वाचूनही प्रवासी नेमके काय पाहत होता, ते उमगत नाही.

याच पेण तालुक्यातील वरसईचे विष्णुभट गोडसे घरचे कर्ज फेडावे म्हणून, बायजाबाई शिंदे यांच्या मथुरेतील यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने, १८५७ साली काकांसह उत्तरेकडे निघाले, आणि बंडाच्या धामधुमीत सापडून १८५८ मध्ये झाशीच्या वेढ्याचे साक्षीदार झाले. ती हकीकत त्यांनी सुमारे पंचवीस वर्षांनंतर चिंतामणराव वैद्य यांच्या आग्रहावरून लिहिली. ‘माझा प्रवास’ या नावाने ती १९०७ साली प्रसिद्ध झाली. ग्रंथाचा क्रम काळाचाच आहे, तरी तो रोजनामा झाला नाही. कारण द्रव्यार्जनास निघालेला गरीब भिक्षुक मिळालेले गमावतो आणि अखेर आईवडिलांसाठी गंगोदकाची कावड घेऊन परततो, हे एकच सूत्र कोणत्या प्रसंगाला किती जागा द्यावी हे ठरवते. म्हणूनच झाशीची लूट तेथे केवळ इतिहास राहत नाही. ती या भिक्षुकाच्या कर्जफेडीच्या आशेवर पडलेली धाड ठरते.

गोडसे यांच्यासाठी निवडीचे बरेचसे काम काळाने केले. ताजे टिपण हाती असलेल्या आपणांस ते जाणूनबुजून करावे लागेल. समजा, ‘या वाटेवरचे पाणी खारे कोठे आणि गोडे कोठे?’ हा प्रश्न आपण वहीच्या माथ्यावर लिहिला. मग पेणजवळची मिठागरे, भरतीचे पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेले खारबंदिस्तीचे बांध व त्यांच्या उघाड्या, नागोठण्याची अंबा, आणि मुळशीचे पाणी भिऱ्याच्या वीजकेंद्रातून घेऊन रोह्याकडे वाहणारी कुंडलिका, या विखुरलेल्या नोंदी एकमेकींना जाब विचारू लागतील. ज्या नोंदींचा या प्रश्नाशी संबंध नाही, त्या वहीतच ठेवाव्या. परतीच्या वाटेवर दिसलेली उघाडी पहिल्या प्रकरणात आणावी लागली, तरी संकोच करू नये. मात्र ती केव्हा पाहिली, हे खोटे सांगू नये.

सूत्र चुकले, तर त्याची खूण स्पष्ट असते. एखादे प्रकरण काढून टाकल्यावर पुढच्या प्रकरणाचे काही अडत नसेल, तर ते प्रकरण त्या सूत्रात नाही. आणि निम्म्याहून अधिक प्रकरणे अशी निघाली, तर सूत्रच बदलावे. पाण्याच्या प्रश्नाला टिपणे साथ देत नसतील, तर ती कोणत्या प्रश्नाला साथ देतात, हे शोधावे. पण प्रश्नासाठी न पाहिलेले पाहिले म्हणून लिहू नये. पुढील वर्षीच्या हस्तलिखितात प्रत्येक वृत्तान्ताच्या आरंभी त्याचा प्रश्न एका वाक्यात लिहावा, अशी माझी सूचना आहे.