काहीच न केलेल्यांचा रक्तदाबही उतरतो



मी डॉक्टर नाही. इंजिनीअरिंग केलं आणि गेली बारा वर्षं सॉफ्टवेअर लिहितो आहे. तरीही आज रक्तदाबावर बोलणार आहे, कारण हा विषय माझ्या घरातून सुरू झाला.

माझे अब्बा इचलकरंजीचे. चाळीस वर्षं यंत्रमागावर गेली. वय 61. पाच वर्षांपासून ते अ‍ॅम्लोडिपिनची 5 मिलिग्रॅमची एक गोळी रोज घेत होते. मागच्या वर्षी कुणीतरी त्यांना मोबाइलवर अनुलोम-विलोमचा व्हिडिओ पाठवला. अब्बांनी घरातल्या मशीनवर बीपी मोजलं, 156 आलं. पंधरा मिनिटं श्वासाचा व्यायाम केला आणि पुन्हा मोजलं, तर 144. दहा दिवस रोज असंच झालं. मग त्यांनी कुणालाही न विचारता गोळी बंद केली. चौथ्या दिवशी मला पुण्याला फोन. "बघ, गोळीशिवाय 138 आहे. इतकी वर्षं उगाच खाल्ली."

तिसऱ्या आठवड्यात मोहल्ल्यातल्या तपासणी शिबिरात त्यांचं बीपी 172/100 निघालं.

अब्बा खोटं बोलत नव्हते. त्यांनी पाहिलेले तिन्ही आकडे खरे होते. चूक होती ती त्या आकड्यांवरून काढलेल्या अर्थात. ती चूक समजली की योग, श्वास आणि चालणं यांवरच्या चाचण्या कशा वाचायच्या तेही समजतं. म्हणून एकेक आकडा पाहू.

आधी 138 चा. अ‍ॅम्लोडिपिन शरीरातून फार हळू बाहेर पडतं. त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण 30 ते 50 तास लागतात. म्हणजे गोळी सोडल्यावर दोन दिवसांनी अर्धं औषध रक्तात असतं आणि चौथ्या दिवशीही थोडं उरलेलं असतं. आठवडा उलटल्यावर ते जवळपास संपतं. चौथ्या दिवशीचे 138 बऱ्याच अंशी त्या बंद केलेल्या गोळीचेच होते, श्रेय मात्र श्वासाला मिळालं. "गोळी सोडली, काही झालं नाही" असं सांगणारे भेटतात, तेव्हा किती दिवस झाले हे जरूर विचारा.

आता 156 वरून 144. बाहेरून आल्यावर, जिना चढून किंवा बोलता बोलता मोजलेलं बीपी जास्त येतं. पंधरा मिनिटं शांत बसलं की ते खाली येतं. मग उतरले ते श्वासामुळे की बसण्यामुळे? आमच्या कामात वेबसाइटवरचा बदल उपयोगी आहे का हे पाहायचं, तर निम्म्या लोकांना जुनं पान दाखवतात आणि निम्म्यांना नवं. कुणाला कुठलं ते यादृच्छिक ठरतं, म्हणजे नाणं उडवल्यासारखं. औषधाच्या चाचणीतही हेच असतं. एक गट व्यायाम करतो, दुसरा करत नाही, आणि शेवटी दोघांमधला फरक पाहतात. अब्बांकडे दुसरा गटच नव्हता.

2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उच्च रक्तदाब असलेल्यांना मिनिटाला सहा या मंद गतीने श्वास घ्यायला सांगितलं. वरचा आकडा सरासरी 150 वरून 141 वर आला. नऊ पॉइंट! पण त्याच लोकांना मिनिटाला पंधरा, म्हणजे नेहमीच्याच गतीने, पण ठेक्यात श्वास घ्यायला लावला तेव्हाही तो 143 पर्यंत उतरला. खालचा आकडा मात्र मंद श्वासानेच उतरला. म्हणजे मंद श्वासाचा स्वतःचा परिणाम आहे, पण डोळ्यांना दिसणाऱ्या उतारापैकी मोठा भाग शांत बसून लक्ष एकवटण्याचा आहे. आणि हे सगळं त्या काही मिनिटांपुरतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बीपी किती, हा प्रश्न वेगळाच.

त्या प्रश्नासाठी आठवडेच्या आठवडे चालणाऱ्या चाचण्या लागतात. श्वास मंद करायला शिकवणारं एक यंत्र बाजारात आहे. त्यावरच्या आठ चाचण्या 2012 मध्ये एकत्र करून पाहिल्या, तर वरचा आकडा साडेतीन-पावणेचार पॉइंटने उतरलेला दिसला. पण यंत्राच्या निर्मात्यांनी पैसा किंवा मदत दिलेल्या चाचण्या वगळल्यावर ठाम म्हणावा असा परिणाम उरला नाही. पुढच्या वर्षी नेदरलँड्समधल्या संशोधकांनी दुसऱ्या गटालाही तसंच यंत्र दिलं, फक्त ते श्वास मंद करत नव्हतं. कोणाकडे खरं यंत्र आहे हे रुग्णांनाही ठाऊक नव्हतं. दोन्ही गटांत फरक सापडला नाही.

योगाबाबत मला सगळ्यात शिकण्यासारखी वाटते ती स्वीडनची गोष्ट. तिथल्या एका गटाने 2013 मध्ये 83 रुग्णांवर छोटा अभ्यास केला. घरी रोज थोडा वेळ योग करणाऱ्यांचा खालचा आकडा चार पॉइंटहून थोडा जास्त उतरला. बातमी व्हावी असा निकाल. पण ते तिथे थांबले नाहीत. त्यांनी 191 रुग्ण घेतले, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले आणि बारा आठवड्यांनी मोजलं. योग करणाऱ्यांचा वरचा आकडा 3.8 ने उतरला, आणि योग न करणाऱ्यांचा 4.5 ने!

काहीच न करणाऱ्यांचं कसं उतरलं? चाचणीत माणसं घेतातच मुळी बीपी जास्त आलेलं असताना. बीपी रोज वरखाली होत असतं. ज्या दिवशी ते चढलेलं असतं त्याच दिवशी तुमची निवड होते, मग पुढच्या वेळी ते आपोआप थोडं खाली सापडतं. शिवाय मशीनची, दवाखान्याची भीती दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला कमी होते. दुसरा गट नसता, तर हे 3.8 पॉइंट योगाच्या नावावर जमा झाले असते.

याचा अर्थ योग निरुपयोगी आहे असा नाही. 2019 मध्ये 49 चाचण्या एकत्र केल्या तेव्हा वरच्या आकड्यात सरासरी पाच पॉइंटचा फरक निघाला, आणि श्वास व ध्यान जोडलेल्या योगात तो जास्त होता. पण त्यातल्या पुष्कळ चाचण्या लहान आणि ढिसाळ होत्या. चालण्याचा पुरावा त्यापेक्षा भक्कम आहे. 2021 च्या कोक्रेन आढाव्यात 73 चाचण्या आणि 5,763 माणसं होती. आठवड्यातून तीन ते पाच वेळा, दर वेळी 20 ते 40 मिनिटं, असं साधारण तीन महिने चालल्यावर न चालणाऱ्यांच्या तुलनेत वरचा आकडा सुमारे चार पॉइंटने उतरला.

चार पॉइंट म्हणजे किती? औषधांवरच्या 48 चाचण्या एकत्र केल्यावर दिसलं की वरचा आकडा पाच पॉइंटने उतरला तर हार्ट अटॅक, पक्षाघातासारखे मोठे झटके सुमारे दहा टक्क्यांनी कमी होतात. म्हणून चार पॉइंट फुकट घालवू नयेत. पण एक साधी गोळी वरचा आकडा साधारण नऊने उतरवते. ज्याचं 172 आहे त्याला नुसतं चालणं 135 वर आणणार नाही.

आणि हृदयविकार? त्यावर आपल्याच देशात मोठं काम झालं. योगा-केअर नावाच्या चाचणीत भारतातल्या 24 रुग्णालयांमधले, नुकताच हार्ट अटॅक येऊन गेलेले 3,959 रुग्ण होते. निम्म्यांना नेहमीचे उपचार आणि सल्ला, निम्म्यांना त्यासोबत बारा आठवड्यांत योगाची 13 सत्रं. 2020 मध्ये निकाल आला. पुढच्या काळात मृत्यू, पुन्हा अटॅक, पक्षाघात किंवा तातडीने भरती होणं यांपैकी काही घडलेले रुग्ण योगाच्या गटात 131, दुसऱ्या गटात 146. हा फरक योगायोगानेही पडू शकतो, इतका लहान. अपेक्षेपेक्षा कमी झटके आल्यामुळे चाचणीला ठाम उत्तर देता आलं नाही. मात्र योग करणाऱ्यांना आपली तब्येत किंचित जास्त चांगली वाटत होती आणि ते रोजच्या कामांकडे जास्त प्रमाणात परतले. ज्या गावात हृदयरुग्णांसाठी व्यायामाचं केंद्रच नाही, तिथे हे कमी नाही. पण "योगाने अटॅक टळतो" असं या चाचणीवरून म्हणता येत नाही.

आता परत इचलकरंजी. डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली. महिनाभराने मी आठवडाभर अब्बांचं बीपी नीट मोजलं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पट्टा दंडावर आणि हात छातीच्या उंचीला, पाच मिनिटं न बोलता बसायचं. सकाळी गोळीच्या आधी दोनदा, रात्री दोनदा. पहिला दिवस सोडून द्यायचा आणि बाकीच्यांची सरासरी काढायची. घरी ही सरासरी 135/85 च्या आत हवी. अब्बांची आली 141/86.

मग दोन आठवडे आम्ही रोज संध्याकाळी नाणं उडवलं. छापा आला की दहा मिनिटं मंद श्वास, चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर. काटा आला की दहा मिनिटं नुसतं डोळे मिटून बसायचं. श्वासाच्या दिवशी वरचा आकडा सरासरी 9 ने उतरला, नुसतं बसायच्या दिवशी 7 ने. दुसऱ्या दिवशी सकाळचे आकडे दोन्हीकडे सारखेच. दोन पॉइंटचा फरक घरच्या मशीनवर खरा मानता येत नाही. अब्बा कागदाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे बसल्यामुळेच उतरत होतं?" मी म्हटलं, "बहुतेक तसंच, अब्बा. बसा की रोज, त्यात नुकसान काही नाही. फक्त गोळी सोडू नका."

श्वासाचा व्यायाम त्यांना आवडतो, झोप बरी लागते म्हणतात, तर ते करतात. श्वास रोखून धरणं, जोरजोरात श्वास फेकणं आणि डोकं खाली करायची आसनं डॉक्टरांनी बंद केली, कारण बीपी ताब्यात नसताना ती करणं धोक्याचं ठरू शकतं. फजरनंतर आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालणं सुरू आहे. बोलता येईल पण गाता येणार नाही, इतकी गती. मला कुणीतरी विचारतंच, नमाज हा व्यायाम नाही का? नमाज इबादत आहे. वर सांगितलेल्या चाचण्यांमध्ये अर्धा तास भरभर चालणं मोजलं आहे, ते वेगळं करावं लागतं. मशिदीत पायी, लांबच्या रस्त्याने गेलात तर तेही चालण्यात धरा.

तीन महिन्यांनी अब्बांची सरासरी 136/83 आली. यातलं चालण्याचं किती, हे मी सांगू शकत नाही, कारण त्याच काळात अम्मीने लोणचं आणि पापड ताटातून काढले होते. एकाच माणसावर एकाच वेळी दोन बदल केले की उत्तर मिळत नाही, हे मला कामावर दहादा समजलेलं आहे. पण अम्मीला थांबवायची माझी हिंमत झाली नाही.

शेवटचं. बीपी 180/120 च्या वर आणि त्याबरोबर छातीत दुखणं, दम लागणं, एका बाजूला लुळेपणा किंवा बोलताना अडखळणं यातलं काहीही असेल, तर श्वास मोजत बसू नका, लगेच रुग्णालयात न्या. आणि आज घरी गेल्यावर अब्बा-अम्मींचं बीपी मोजणार असाल, तर एकाच आकड्यावर समाधान मानू नका. सात दिवस मोजा, वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांकडे न्या.