‘ठेवावे’ आणि ‘ठेवलेच पाहिजे’

(इंदूर येथील वासंतिक व्याख्यानमालेतील व्याख्यान)



ऐन उन्हाळ्यात इंदुरात स्लॅब पडली, की दुसऱ्या दिवशी मिस्त्री तिच्यावर पाळ्या घालून वाफे करतो आणि त्यांत पाणी भरतो. इथे याला तराई म्हणतात. पुण्यामुंबईकडे क्युरिंग, किंवा सरळ ‘पाणी मारणे’. हे पाणी किती दिवस राहायला हवे, याचे उत्तर आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात, २०००च्या आवृत्तीत, एका छोट्या परिच्छेदात आहे. आज मी मुख्यतः त्या परिच्छेदावरच बोलणार आहे.

त्यात सांगितले आहे ते असे. काँक्रीटचा उघडा पृष्ठभाग पाणी साठवून किंवा गोणपाटासारखे काही पसरून सतत ओला ठेवायचा. साधे पोर्टलँड सिमेंट असेल तर किमान ७ दिवस, मिश्र सिमेंट असेल तर किमान १०. हवा कोरडी आणि उष्ण असेल तर १० दिवसांपेक्षा कमी नाही. इथपर्यंत इंग्रजीत ‘शॅल’ आहे, म्हणजे सक्ती. पुढे मिश्र सिमेंटसाठी ही मुदत १४ दिवसांपर्यंत नेण्याची शिफारस आहे. राखमिश्रित सिमेंटमधली राख उशिरा कामाला लागते. सिमेंटमधून सुटणाऱ्या चुन्याशी तिची क्रिया सावकाश होते आणि तोवर ओल टिकावी लागते. म्हणून ती शिफारस.

काही वर्षांपूर्वी साइटवरच्या माणसांसाठी या परिच्छेदाचे मराठी मी केले होते. ‘पृष्ठभाग सतत ओला ठेवावा’, ‘मुदत १० दिवसांपेक्षा कमी असू नये’, ‘ती १४ दिवसांपर्यंत वाढवता येईल’. वाचायला वाक्ये चांगली होती. त्या उन्हाळ्यात एका स्लॅबचे पाणी सहाव्या दिवशी बंद झाले. पुढे तिच्यावर जाळीसारख्या बारीक भेगा दिसल्या आणि नखाने खरवडले तर पांढरी भुकटी निघू लागली. सुपरवायझरला विचारले. तो शांतपणे म्हणाला, “साहेब, ‘ठेवावा’ असं लिहिलंय ना. टँकर आला तोवर ठेवला.” मला उत्तर देता आले नाही, कारण त्याने माझे वाक्य बरोबर वाचले होते.

‘ठेवावा’, ‘करावे’, ‘असावा’ या रूपात दोष कुठे आहे ते पाहू. ‘उमेदवार पदवीधर असावा’ असे जाहिरातीत असते तेव्हा ती सक्ती असते. पदवी नसेल तर अर्ज बाद. ‘सकाळी लवकर उठावे’ हा सल्ला. ‘आपण आधी जेवून घ्यावे’ ही विनंती. प्रत्यय तोच, जोर तीन प्रकारचा. व्यवहारात आपण अडखळत नाही, कारण बोलणारा कोण ते आपल्याला ठाऊक असते. सरकारी जाहिरातीमागे सरकार उभे असते. मानकाचे तसे नाही. एकाच आवाजात, एकाच परिच्छेदात ते सक्तीही सांगते आणि शिफारसही. म्हणजे तिथे सगळा भार क्रियापदावर पडतो.

इंदूरकरांची अडचण आणखी एक आहे. आपल्या कानावर दिवसभर हिंदी असते आणि हिंदीतले ‘चाहिए’ दोन्ही बाजूंना चालते. ‘तराई करनी चाहिए’ म्हणजे केलीच पाहिजे, की केलेली बरी? ते ‘चाहिए’ हळूहळू आपल्या ‘पाहिजे’तही उतरले आहे. म्हणून नुसत्या ‘पाहिजे’वर माझा भरवसा नाही; मी ‘च’ लावतो. ‘ठेवलाच पाहिजे’ यातून पळवाट निघत नाही. हा ‘च’ बाहेरून आणावा लागत नाही, आपल्या घरातली आई तो रोज वापरते.

कायद्याच्या मराठीने वेगळी वाट धरली. तिथे सक्तीसाठी भविष्यकाळ येतो: ‘अधिकारी आदेश देईल’, ‘मुदत तीस दिवस असेल’. वकिलांना ते समजते. पण ‘पृष्ठभाग १० दिवस ओला असेल’ असे मिस्त्रीला वाचून दाखवा. त्याला तो अंदाज वाटेल, हुकूम वाटणार नाही. मानक साइटवर वाचले जाणार असेल तर भविष्यकाळ नको, असे माझे मत आहे.

प्रत्येक भाषेला हा निर्णय स्वतःच करावा लागला आहे. जर्मन मानकांत सक्तीला ‘मुस’, शिफारशीला ‘झोल्टे’, परवानगीला ‘डार्फ’ आणि नुसत्या शक्यतेला ‘कान’ असे चार वेगळे शब्द ठरलेले आहेत. फ्रेंचांनी शिफारशीसाठी इंग्रजी ‘शुड’ची नक्कल केलीच नाही, ‘असे करणे उचित’ या अर्थाचा स्वतःचा वाक्प्रचार घेतला. इंटरनेटचे नियम लिहिणाऱ्यांनीही मार्च १९९७मध्ये आरएफसी २११९ हा एक स्वतंत्र दस्तऐवजच काढला, केवळ या शब्दांचे अर्थ बांधून देण्यासाठी.

जर्मनांचे शेवटचे दोन शब्द आपल्यासाठी महत्त्वाचे आहेत, कारण मराठीत ‘शकतो’ एकटाच दोघांचे काम करतो. आयएस ४५६मध्येच कॉलमच्या मुख्य गजांवरच्या आवरणाचा नियम आहे. आवरण ४० मिलिमीटरपेक्षा किंवा गजाच्या व्यासापेक्षा कमी असता कामा नये. मात्र कॉलमची लहान बाजू २०० मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल आणि गज १२ मिलिमीटरपेक्षा जाड नसतील, तर २५ मिलिमीटर वापरता येते. इथे इंग्रजीत ‘मे’ आहे. याचे ‘२५ मि.मी. आवरण असू शकते’ असे केले, तर असे कॉलम कुठेतरी आढळतात एवढीच माहिती उरते. ‘२५ मि.मी. ठेवावे’ केले, तर सवलतीचा आदेश होतो आणि काळजीपोटी ४० ठेवणारा इंजिनिअर चुकलेला ठरतो. ‘२५ मि.मी. ठेवण्याची मुभा आहे’ म्हटले की अर्थ जागेवर बसतो.

नकारात तर दोन्ही अर्थ एकाच रूपात मिसळतात. ‘करू नये’ हे मनाईलाही चालते आणि सल्ल्यालाही. मनाई असेल तिथे ‘करता कामा नये’ लिहावे, सल्ला असेल तिथे ‘न करणे इष्ट’. ‘शक्यतो करू नये’ मी टाळतो, कारण ‘शक्यतो’ हा शब्द मुळात नसलेली अट आत आणतो.

आता त्या परिच्छेदाच्या शेवटच्या वाक्याकडे परत येतो, कारण माझी मोठी चूक तिथे होती. मूळ इंग्रजीत ‘शिफारस आहे’ असे आधी येते आणि पोटवाक्यात ‘मे’ येतो. मी त्या ‘मे’वर गेलो आणि ‘वाढवता येईल’ लिहिले. शिफारशीची परवानगी झाली आणि १४ हा आकडा वरच्या मर्यादेसारखा दिसू लागला. वाक्याचा जोर मुख्य क्रियेत असतो; आतल्या क्रियापदाकडे पाहून भाषांतर केले की असे होते.

आज मी ते असे लिहितो: ‘काँक्रीटचा उघडा पृष्ठभाग साध्या पोर्टलँड सिमेंटसाठी किमान ७ दिवस आणि मिश्र सिमेंटसाठी किमान १० दिवस सतत ओला ठेवलाच पाहिजे. कोरड्या व उष्ण हवेत ही मुदत १० दिवसांपेक्षा कमी असता कामा नये. मिश्र सिमेंट असल्यास ती १४ दिवसांपर्यंत वाढवावी, अशी शिफारस आहे.’ शिफारशीत ‘वाढवावी’ मी ठेवतो, पण ‘शिफारस’ हा शब्द शेजारी असल्याशिवाय नाही.

मजकूर झाला की मी मुळातले सगळे ‘शॅल’ मोजतो आणि मराठीतले ‘च पाहिजे’ व ‘कामा नये’ मोजतो. आकडे जुळले नाहीत तर कुठेतरी सक्ती गळली आहे किंवा नसलेली घुसली आहे. मग इंग्रजी न पाहिलेल्या एखाद्या मुकादमाला प्रत्येक वाक्यावर एकच प्रश्न विचारतो: “हे नाही केलं तर?” ‘काम नापास होईल’, ‘कारण द्यावं लागेल’ आणि ‘काही नाही’, ही तीन उत्तरे ज्याच्या त्याच्या वाक्यावर आली, तरच मी मजकूर छापायला देतो.