कल्ट, पंथ, संप्रदाय : एका निबंधाची दुरुस्ती

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या वर्षी याच सभागृहात आमच्या अभ्यासमंडळाने एक निबंध वाचला होता. विषय होता शहरात नव्याने उभे राहणारे धार्मिक गट. लिहिणारे आम्ही पाचजण. त्यातला एकही प्राध्यापक नाही. प्रस्तुत वक्ता तर सिव्हिलचा डिप्लोमा करून राज्य सरकारच्या बांधकाम खात्यात लागलेला माणूस. निबंधात एक वाक्य असे होते : "या कल्टमध्ये शहरातले अनेक सुशिक्षित लोक ओढले गेले असून तेथे त्यांचे ब्रेनवॉशिंग केले जाते."

हे वाक्य वाचले आणि तिसऱ्या रांगेतल्या एक काकू उठून बाहेर गेल्या. नंतर चहाच्या वेळी आम्ही त्यांना गाठले. त्या म्हणाल्या, "माझा मुलगा दर रविवारी तिथं जातो. ओढत कोणी नेत नाही, रिक्षानं जातो." आम्ही क्षमा मागत असतानाच आमच्याच पाचांपैकी एकजण मागून म्हणाले, "आणि माझ्या भावानं मुदत ठेव मोडून पैसे तिथं दिले, दीड वर्ष घरी बोलत नाही, त्याला काय म्हणायचं मग?"

दोघेही खरे बोलत होते. आमचे वाक्य मात्र दोघांच्याही उपयोगाचे नव्हते. ते दुरुस्त करायला आम्हाला आठ महिने लागले, त्याचाच हा अहवाल समजा.

आधी 'कल्ट' या शब्दाचे. मूळ लॅटिन 'कल्टस', म्हणजे पूजा, उपासना. इंग्रजी विद्वान अजूनही तो या अर्थाने वापरतात. देल्युरी नावाच्या अभ्यासकाचा विठोबावरचा इंग्रजी ग्रंथ १९६० साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून निघाला, त्याच्या नावातच विठोबाचा 'कल्ट' आहे. तिथे त्याचा अर्थ विठोबाची उपासना एवढाच. त्यावर वारकऱ्यांनी रागावायचे कारण नाही. पण वर्तमानपत्रात आज 'कल्ट' वाचले की डोळ्यांपुढे येतो तो हुकूमशहा गुरू आणि त्याच्या मुठीतली माणसे. शब्द तोच, पण एकीकडे वर्णन आणि दुसरीकडे आरोप. निबंधात कोणता अर्थ घेतला हे सांगितले नाही, तर वाचणारा आरोपच घेतो. आम्हीही तेच केले होते, फक्त आव वर्णनाचा आणला होता.

समाजशास्त्रज्ञांनी या शब्दांना माप देण्याचा प्रयत्न केला आहे. अमेरिकेतल्या स्टार्क आणि बेनब्रिज यांनी १९७९ मध्ये सुचवलेली विभागणी आम्हाला सर्वांत सोपी वाटली. त्यांच्या मते 'सेक्ट' म्हणजे जुन्या धर्मसंस्थेतून फुटून निघालेला गट. तो नवे काही सांगतो असे म्हणत नाही, उलट मूळचे शुद्ध रूप आमच्याकडेच उरले आहे असे म्हणतो. 'कल्ट' मात्र त्या समाजात ज्याला आधीचे मूळ नाही असा, कोणीतरी नव्याने काढलेला किंवा परदेशातून आलेला. या मापात चांगल्या-वाईटाचा रकानाच नाही. गट कुठून आला एवढेच विचारायचे.

हे पुस्तकी वाटेल, म्हणून एक उदाहरण जरा सविस्तर सांगतो. १९९३ साली अमेरिकेत टेक्सासमधील वेको शहराजवळ 'ब्रँच डेव्हिडियन' नावाच्या गटाच्या वस्तीवर सरकारी पथकाने बेकायदा शस्त्रांच्या संशयावरून छापा घातला. २८ फेब्रुवारीच्या त्या चकमकीत चार सरकारी माणसे आणि गटातली सहाजण मेली. मग ५१ दिवस वेढा. १९ एप्रिलला आत अश्रुधूर सोडला, आग लागली, आणि सत्तरहून अधिक माणसे, त्यांत मुलेही, गेली. वर्तमानपत्रांतून सगळीकडे एकच शब्द होता : कल्ट. आणि कल्ट म्हटले की पुढारी भोंदू, त्याची बायबलची प्रवचने म्हणजे बडबड, असे धरून चालता येते.

आता वरचे माप लावून पाहा. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट या चर्चमधून व्हिक्टर हूटेफ हा माणूस बाहेर पडला आणि त्याने १९३५ मध्ये वेकोजवळ वस्ती केली. त्याच्या मृत्यूनंतर त्यात आणखी फूट पडली, त्यातली एक शाखा म्हणजे हे ब्रँच डेव्हिडियन. पुढारी डेव्हिड कोरेश १९८१ मध्ये तिथे आला, तेव्हा गटाला जवळजवळ अर्धे शतक झाले होते. म्हणजे हा फुटून निघालेला, 'सेक्ट' होता. हा नुसता शब्दांचा कीस नव्हे. 'सेक्ट' म्हटले की पुढचा प्रश्न आपोआप येतो : कोणापासून फुटला, आणि त्यांच्याकडून काय घेऊन आला? उत्तर होते बायबलमधल्या शेवटच्या पुस्तकातील सात मोहरा आणि जगाचा अंत. ही भाषा जाणणारे दोन धर्म-अभ्यासक, टेबर आणि अर्नोल्ड, रेडिओवरून कोरेशशी त्याच भाषेत बोलू लागले. १४ एप्रिलला कोरेशने कळवले की सात मोहरांचा अर्थ लिहून झाला की मी बाहेर येतो. अधिकाऱ्यांना ही आणखी एक चालढकल वाटली. आगीतून वाचलेल्या एका बाईच्या जवळ संगणकाची तबकडी सापडली, त्यावर पहिल्या मोहरेवरचे लिखाण पूर्ण होते. तो पुढे खरोखर बाहेर आला असता का, हे कोणी सांगू शकत नाही. कोरेशने अल्पवयीन मुलींना बायका केल्याचे आरोपही होते, आणि 'सेक्ट' म्हटल्याने ते पुसले जात नाहीत.

आता मराठीकडे येऊ. 'सेक्ट' म्हणजे संप्रदाय, असे भाषांतर करून आम्ही मोकळे झालो होतो. ते चुकीचे निघाले. संप्रदाय म्हणजे गुरूकडून शिष्याकडे नीट सोपवत आलेले. त्यात फुटण्याची कल्पनाच नाही, उलट धरून ठेवण्याची आहे. वारकरी संप्रदाय, नाथ संप्रदाय म्हणताना ते कोणापासून फुटले असे आपण विचारत नाही. 'पंथ' म्हणजे वाट. महानुभाव पंथ म्हटले तर त्यात हेटाळणी नाही. आपल्याकडे सगळ्यांना एका छत्राखाली धरणारी चर्चसारखी संस्थाच नव्हती, मग फुटणार कशातून? म्हणून आम्ही ठरवले की फूट दाखवायची असेल तर 'अमुक गटातून अमुक साली वेगळा झालेला गट' असे सरळ लिहायचे. लांब पडते, पण वाचणाऱ्याला ते तपासता येते.

गट स्वतःला काय म्हणवतो हेही नीट नोंदवावे लागते, कारण त्या नावावर हक्क अवलंबून असतात. आपल्या गुजरातचेच उदाहरण घ्या. १९४७ च्या मुंबई हरिजन मंदिरप्रवेश कायद्यानंतर अहमदाबादेत स्वामिनारायण संप्रदायाच्या अनुयायांनी १९४८ च्या जानेवारीत दावा लावला, की आमच्या मंदिरांना हा कायदा लागू नाही. पुढे त्यांचे म्हणणे असे ठरले की आम्ही हिंदू धर्माहून वेगळे आहोत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९६६ च्या जानेवारीत सरन्यायाधीश गजेंद्रगडकर, म्हणजे आपलेच एक मराठी गृहस्थ, यांनी निकाल दिला : हा हिंदू धर्मातलाच एक संप्रदाय आहे, स्वतंत्र धर्म नव्हे, आणि त्याची मंदिरे सर्व हिंदूंना खुली आहेत. म्हणजे 'संप्रदाय' की 'धर्म', या दोन शब्दांच्या फरकावर मंदिराचे दार उघडणार की बंद राहणार हे अवलंबून होते. आम्ही मात्र निबंधात हेच शब्द एका पानावर चार वेळा अदलून बदलून वापरले होते, भाषा कंटाळवाणी होऊ नये म्हणून!

मग 'नवधार्मिक चळवळ' हा शब्द का नाही वापरायचा? कल्ट शब्दातला डंख काढावा म्हणून अभ्यासकांनीच तो रुळवला, आणि आम्हीही शेवटी तोच घेतला. पण त्याच्याही मर्यादा आहेत. 'नवे' किती वर्षे नवे राहते? शिवाय तो इतका सौम्य आहे की त्याखाली काहीही झाकता येते. जपानमधील ओम् शिनरिक्यो हा गट १९८९ पासून सरकारदरबारी रीतसर नोंदलेली धार्मिक संस्था होता. १९९५ च्या मार्चमध्ये त्याच गटाने टोकियोच्या भुयारी रेल्वेत विषारी वायू सोडला. म्हणून आम्ही नियम केला : गटाचे नाव सौम्य ठेवायचे, पण कृत्य सौम्य करायचे नाही. कोणी काय केले, तक्रार कोणाची, न्यायालयात काय ठरले, हे उघड लिहायचे.

'ब्रेनवॉशिंग' मात्र आम्ही काढूनच टाकला. लंडनच्या समाजशास्त्रज्ञ आयलीन बार्कर यांनी मून यांच्या युनिफिकेशन चर्चच्या शिबिरांचा अभ्यास केला, त्याचे पुस्तक १९८४ मध्ये आले. १९७९ साली शिबिराला आलेल्या हजारावर माणसांपैकी सुमारे नव्वद टक्के त्या चर्चमध्ये गेलीच नाहीत, आणि गेलेल्यांपैकीही पुष्कळजण पुढे सोडून गेले. मन धुऊन काढणारे यंत्र दहातले नऊजण सोडून देत असेल, तर ते यंत्र म्हणणे कठीण आहे. दबाव नसतो असे नव्हे. पण मग दबाव कोणता ते लिहावे : फोन काढून घेतात का, घरी जाऊ देतात का, सोडून जाणाऱ्याशी बाकीचे बोलतात का.

आमच्या खात्यात मापपुस्तक असते. त्यात 'मोठी भिंत' असे लिहिले तर बिल पास होत नाही. लांबी, रुंदी, उंची लागते. निबंधातले ते वाक्य आम्ही तसेच मोजायला घेतले. 'अनेक' म्हणजे किती? दोन रविवारी दारात उभे राहून मोजले : एकदा बेचाळीस, एकदा सदतीस. 'सुशिक्षित' काढले, कारण कोणालाही विचारले नव्हते. 'ओढले गेले' ऐवजी कोण कोणाच्या ओळखीने आले ते विचारले. सातजण बोलले, त्यांतले पाच नातेवाइकांमुळे आले होते. गट सोडलेले दोघेही शोधून भेटलो, कारण आत असलेल्यांनाच विचारले तर निम्मीच बाजू येते. अर्थात सोडून गेलेल्याचेही म्हणणे त्याच्या रागाच्या चष्म्यातून येते, म्हणून दोन्ही शेजारी शेजारी ठेवले.

आता तो परिच्छेद असा आहे : "हा गट स्वतःला साधना परिवार म्हणवतो. तो कोणत्याही जुन्या संस्थेतून फुटलेला नाही. म्हणून या निबंधात त्याला नवधार्मिक चळवळ म्हटले आहे. काही नातेवाईक त्याला कल्ट म्हणतात. रविवारच्या बैठकीस आम्ही मोजले तेव्हा सुमारे चाळीसजण होते. एका सदस्याने मुदत ठेव मोडून रक्कम दिल्याचे त्याच्या भावाने सांगितले. सदस्याशी आमचे बोलणे होऊ शकले नाही. गटाच्या संचालकांनी देणगी ऐच्छिक असल्याचे सांगितले, पावतीपुस्तक दाखवले नाही."

हे आम्ही छापण्याआधी काकूंना वाचून दाखवले. त्यांनी शेवटचे वाक्य पुन्हा वाचायला सांगितले. "पावती खरंच दाखवली नाही?" त्यांनी विचारले. आम्ही म्हटले, दोनदा मागितली. त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या रविवारी मुलाबरोबर त्या स्वतः गेल्या, असे नंतर कळले. आमच्या मित्राचे भाऊ अजून घरी आलेले नाहीत.